लॉगिनची प्रयत्नमर्यादा कशी ठरवावी: पासवर्डचे अंदाज थांबवायचे, खऱ्या विद्यार्थ्याला नाही

नागपुरातल्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी-पोर्टल मी सांभाळतो. परीक्षा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी काटोलहून सकाळच्या एसटीने आलेली एक विद्यार्थिनी कार्यालयाच्या खिडकीशी उभी होती. तिच्या मोबाइलवर ‘खाते २४ तासांसाठी बंद’ असा संदेश होता आणि अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी पाच वाजता संपत होती. तिने त्या दिवशी एकदाही पासवर्ड चुकवलेला नव्हता. लॉगमध्ये मात्र हे दिसले:

```
02:14:09 fail   240416 ip=A
02:14:09 fail   240417 ip=A
02:14:10 fail   240418 ip=A
09:51:20 locked 240417 ip=B
```

रात्री कोणीतरी एकामागून एक सगळे प्रवेश क्रमांक घेऊन प्रत्येकावर तीन पासवर्ड वापरून पाहिले होते. आमचा नियम ‘तीन चुका, मग २४ तास बंद’ असा होता. त्यामुळे एकाही खात्यात न शिरता त्याने सगळ्या विद्यार्थ्यांना बाहेर काढले. १,८०० खात्यांना प्रत्येकी तीन म्हणजे ५,४०० विनंत्या लागतात, आणि सेकंदाला दहा या साध्या वेगाने हे काम नऊ मिनिटांत होते. नंतर घाईघाईने आम्ही खात्याऐवजी आयपी पत्त्यावर मर्यादा घातली. तेव्हा सीताबर्डीवरचे ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक दुकान दुपारीच अडकले, कारण तिथले सगळे विद्यार्थी एकाच पत्त्यावरून येत होते.

हे दोन्ही नियम अजूनही जागोजागी तसेच लिहिले जातात, म्हणून योग्य क्रम येथे सविस्तर देत आहे. चूक एकच असते: नुसत्या खात्यावर किंवा नुसत्या पत्त्यावर चुका मोजल्या जातात. मोजायला हवी ती खाते आणि ते खाते ज्या उपकरणावरून उघडले जात आहे, यांची जोडी.

## टप्पा १: आकडे ठरवण्याआधीची तयारी

सर्वप्रथम पासवर्ड तपासला जातो असे प्रत्येक दार कागदावर लिहून काढावे. वेबवरचे लॉगिन पान सर्वांना आठवते. मोबाइल ॲपसाठीचा वेगळा मार्ग, जुन्या ॲपसाठी चालू ठेवलेला त्याहून जुना मार्ग, ‘पासवर्ड बदला’ पानावरची सध्याच्या पासवर्डची तपासणी आणि ओटीपी पडताळणी ही दारे मात्र विसरली जातात. मर्यादा लॉगिनच्या पानावर न लिहिता पासवर्ड पडताळणाऱ्या सामाईक फंक्शनमध्येच लिहावी, म्हणजे एखादे दार यादीतून सुटले तरी तो मार्ग मोजला जातो. सहा अंकी ओटीपीला स्वतःची वेगळी मर्यादा हवी. पाच चुकांनंतर तो ओटीपीच रद्द करणे पुरेसे होते.

दुसरी तयारी नावाच्या एकसारखेपणाची. मोजणी ज्या नावाने होते आणि डेटाबेसमध्ये खाते ज्या नावाने शोधले जाते, ती दोन्ही तंतोतंत एकच असली पाहिजेत. मोकळ्या जागा आणि लहान-मोठी अक्षरे बहुतेकांच्या लक्षात असतात. आपल्याकडे देवनागरी अंकांचा प्रश्नही आहे. पायथनचे `int("२४०४१७")` विनातक्रार 240417 हे उत्तर देते. प्रवेश क्रमांक अशा रीतीने आकड्यात बदलून खाते शोधले जात असेल आणि मोजणी मात्र टाइप केलेल्या मूळ मजकुरावर होत असेल, तर सहा अंकांपैकी प्रत्येक अंक दोन लिप्यांत लिहून एकाच खात्यासाठी ६४ निरनिराळे मोजक मिळवता येतात. युनिकोडच्या `NFKC` रूपांतराने देवनागरी अंक इंग्रजी होत नाहीत, म्हणून त्यावर विसंबू नये. आधी खाते शोधावे आणि सापडलेल्या खात्याच्या अंतर्गत क्रमांकावरच मोजणी करावी.

तिसरी गोष्ट म्हणजे पाहुण्याचा खरा आयपी पत्ता. सर्व्हरपुढे प्रॉक्सी असेल तर पत्ता `X-Forwarded-For` मधून घ्यावा लागतो, पण त्या ओळीचा डावीकडचा भाग पाठवणारा स्वतः लिहू शकतो. आपल्या प्रॉक्सीने जोडलेला भाग उजव्या टोकाला असतो आणि विश्वास तेवढ्यावरच ठेवावा.

तपासा: स्वतःच्या मोबाइलवरून `X-Forwarded-For: 1.2.3.4` असे शीर्षक जोडून विनंती पाठवा. लॉगमध्ये 1.2.3.4 उमटले, तर पुढची सगळी मेहनत वाया जाणार आहे. आधी हे दुरुस्त करा.

## टप्पा २: हल्लेखोराला एकूण किती अंदाज मिळू द्यायचे?

‘तीन की पाच’ हा प्रश्न पहिला नसावा. एका खात्यावर अनोळखी माणसाला एकूण किती अंदाज मिळाले तरी आपल्याला चालेल, हे आधी ठरवावे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचे SP 800-63B हे मार्गदर्शन एका खात्यावर लागोपाठ १०० पेक्षा जास्त चुकीचे प्रयत्न होऊ देऊ नयेत, असे सांगते. ‘तीन’ची सवय असलेल्यांना हा आकडा फार मोठा वाटतो. पण पासवर्ड सर्वपरिचित यादीतला नसेल, तर शंभर अंदाजांनी काहीही हाती लागत नाही. आपणही १०० हीच कमाल धरू.

मात्र कोणतीही प्रयत्नमर्यादा जिथे निरुपयोगी ठरते, अशी एक परिस्थिती आहे आणि ती आमच्याच पोर्टलवर होती. विद्यार्थ्याचा पहिला पासवर्ड म्हणजे त्याची जन्मतारीख. पदवीचे बहुतेक विद्यार्थी चारेक वर्षांच्या पट्ट्यात जन्मलेले असतात, म्हणजे शक्य तारखा सुमारे १,४६१. विद्यार्थी १,८००. म्हणून कोणतीही एक तारीख घेऊन ती सगळ्या खात्यांवर फक्त एकेकदा लावून पाहिली, तरी सरासरी एक खाते उघडते, आणि त्या फेरीत प्रत्येक खात्यावर जास्तीत जास्त एकच चूक नोंदली जाते. ‘तीन चुका’ असा नियम असो वा ‘दोन चुका’, त्याला हे दिसतच नाही.

सावधान: जन्मतारीख, मोबाइलचे शेवटचे अंक किंवा सर्वांना एकच असा पहिला पासवर्ड देत असाल, तर येथेच थांबा. आधी नोंदणीकृत ईमेलवर किंवा मोबाइलवर एकदाच चालणारी लिंक पाठवून विद्यार्थ्याला स्वतःचा पासवर्ड ठेवू द्या आणि तो ठेवताना सर्वपरिचित पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा, त्यात सापडला तर नाकारा. त्यानंतरच तिसऱ्या टप्प्याकडे या.

## टप्पा ३: ओळखीचे उपकरण वेगळे काढा

विद्यार्थी एकदा यशस्वीपणे आत आला की त्याच्या ब्राउझरमध्ये एक ओळख-कुकी ठेवावी. तिच्यात खात्याचा अंतर्गत क्रमांक, एक यादृच्छिक क्रमांक आणि मुदत असते. या सर्वांवर सर्व्हरच्या गुप्त किल्लीने केलेली सही असते, म्हणजे ती बाहेर कोणाला बनवता येत नाही. `HttpOnly` आणि `Secure` हे गुण तिला द्यावेत. सहा महिन्यांची मुदत आमच्याकडे पुरेशी ठरली, कारण विद्यार्थी प्रत्येक सत्रात निदान एकदा तरी पोर्टलवर येतोच. ॲपमध्ये हेच काम साठवलेले टोकन करते.

ही कुकी आत प्रवेश देत नाही. पासवर्ड लागतोच. तिच्यामुळे मिळतो तो फक्त स्वतंत्र मोजक. अनोळखी उपकरणांवरून कोणी त्या खात्यावर रात्रभर चुका केल्या, तरी त्या वेगळ्या मोजकात जमा होतात आणि काटोलच्या विद्यार्थिनीचा मोबाइल सकाळी नेहमीसारखा चालतो.

येथे तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे बाहेर पडताना, म्हणजे लॉगआउट करताना, सत्राच्या कुकीबरोबर हीसुद्धा पुसून टाकणे. तसे केले की सगळेच पुन्हा अनोळखी होतात. दुसरी म्हणजे कुकी खात्याशी न बांधणे. मग हल्लेखोर स्वतःच्या खात्यात एकदा शिरतो, ओळखीचा होतो आणि त्याच कुकीच्या बळावर इतरांची दारे ठोठावतो. तिसरी चूक म्हणजे एका ब्राउझरमध्ये एकच कुकी ठेवणे. सीताबर्डीच्या दुकानातल्या संगणकावर दिवसभरात वीस-पंचवीस विद्यार्थी येतात, घरच्या मोबाइलवर दोन भावंडे असतात. प्रत्येक खात्याची वेगळी कुकी असावी आणि अलीकडच्या काही तेवढ्या टिकवाव्यात.

ओळखीच्या उपकरणालाही मर्यादा हवी, कारण दुकानातल्या त्याच संगणकावर उद्या दुसरे कोणी बसेल. मी ती दहा चुका अशी ठेवली आहे. दहावी चूक झाली की ती कुकी रद्द होते आणि ते उपकरण अनोळखी ठरते. पासवर्ड बदलला की त्या खात्याच्या जुन्या कुक्याही रद्द कराव्यात.

## टप्पा ४: अनोळखी उपकरणांसाठी वाढती प्रतीक्षा

एका खात्यासाठी सर्व अनोळखी उपकरणांचा मिळून एकच मोजक असतो. हल्लेखोराने शंभर पत्ते बदलले तरी मोजक तोच राहतो. पहिले पाच प्रयत्न जवळजवळ मोकळे असावेत. पाचव्या चुकीनंतर एक मिनिट थांबायचे, मग २, ४, ८, १६, ३२ मिनिटे आणि त्यानंतर प्रत्येक वेळी एक तास.

हिशेब करून पाहू. पहिले पाच प्रयत्न लगेच होतात. पुढच्या सहा प्रयत्नांसाठी एकूण ६३ मिनिटे जातात. उरलेल्या दिवसात ताशी एक याप्रमाणे २२ प्रयत्न बसतात. पहिल्या दिवशी ३३ आणि नंतर रोज २४. म्हणजे शंभराचा आकडा चौथ्या दिवशी गाठला जातो. तिथे अनोळखी उपकरणांवरून त्या खात्याचा पासवर्ड-मार्ग बंद करावा आणि नोंदणीकृत ईमेलवर मागवलेल्या लिंकनेच तो उघडावा. ओळखीच्या उपकरणावरचा विद्यार्थी या चार दिवसांत आणि त्यानंतरही आत-बाहेर करू शकतो.

प्रतीक्षेच्या काळात विनंती आली तर तीन गोष्टी पाळाव्यात. पासवर्ड मुळीच तपासू नये, नाहीतर अडवल्याचा देखावा उरतो आणि बरोबर पासवर्ड लागल्याचे उत्तरातल्या फरकावरून कळते. ती चूक म्हणून मोजू नये. आणि प्रतीक्षा पुन्हा सुरुवातीपासून लांबवू नये, कारण तसे केले तर दर मिनिटाला एक विनंती पाठवून कोणीही खाते कायमचे बंद ठेवू शकतो.

अंमलबजावणीतली सर्वात जास्त आढळणारी चूक क्रमाची असते. ‘मोजक वाचा, पासवर्ड तपासा, चुकला तर मोजक वाढवा’ या क्रमात एकाच क्षणी आलेल्या पन्नास विनंत्या जुनाच मोजक वाचतात आणि पन्नासही अंदाज तपासले जातात. म्हणून तपासणीच्या आधी दार ताब्यात घ्यावे. रेडिसमध्ये ही एक ओळ पुरते:

```
SET gate:240417 1 NX EX 240
```

`OK` मिळाले त्याच विनंतीचा पासवर्ड तपासायचा, इतरांना परत पाठवायचे. `EX` पुढचा आकडा म्हणजे ही चूक ठरल्यास लागू होणारी प्रतीक्षा, सेकंदांत. येथे सातव्या चुकीची चार मिनिटे आहेत. पहिल्या चार प्रयत्नांसाठी तो दोन सेकंद ठेवावा. पासवर्ड बरोबर निघाला तर `DEL` करून दार मोकळे करावे. शंभरापर्यंतची मोजणी मात्र रेडिसमध्ये ठेवू नये. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ती शून्यावर येण्याची भीती असते, म्हणून ती मुख्य डेटाबेसमध्ये असावी.

याचा एक उपद्रव आम्हाला चाचणीत दिसला. बटण दोनदा दाबले की पहिली विनंती दार घेते आणि दुसरी परत पाठवली जाते, आणि ब्राउझर दाखवतो ते दुसरीचे उत्तर. विद्यार्थ्याला वाटते आपण अडवले गेलो. एकदा दाबल्यावर बटण निष्क्रिय करणे एवढाच उपाय आहे, पण तो विसरू नये.

तपासा: एका चाचणी खात्यावर चुकीच्या पासवर्डच्या ५० विनंत्या एकाच वेळी पाठवा. पासवर्ड-तपासणीपर्यंत पोहोचलेली विनंती लॉगमध्ये एकच असली पाहिजे.

यशस्वी प्रवेशानंतर काय पुसायचे, हेही नीट ठरवावे. यशानंतर खात्याचा पूर्ण मोजक शून्य केला, तर विद्यार्थी रोज लॉगिन करून नकळत हल्लेखोराला रोज नवे पाच मोकळे प्रयत्न देत राहतो. म्हणून ओळखीच्या उपकरणावरील यशाने फक्त त्या उपकरणाचा मोजक पुसावा, आणि अनोळखी उपकरणावरील यशाने फक्त त्याच आयपीवरून आधी झालेल्या चुका वजा कराव्यात. पूर्ण मोजक पुसला जाईल तो पासवर्ड बदलल्यावर किंवा ईमेलवरच्या लिंकने खातरजमा झाल्यावरच.

## टप्पा ५: तीच चूक पुन्हा झाली तर मोजू नका

पासवर्ड बदलल्यावर घरातल्या दुसऱ्या मोबाइलमधले ॲप जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहते. हा अंदाज नव्हे, कारण तोच पासवर्ड दहादा पाठवून हल्लेखोराला नवे काहीच कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा सेवेतही शेवटचे तीन चुकीचे पासवर्ड लक्षात ठेवून त्यांची पुनरावृत्ती मोजली जात नाही. आपणही तसेच करावे. मात्र चुकीचा पासवर्ड बहुधा खऱ्या पासवर्डच्या एका अक्षराने शेजारचा असतो, म्हणून तो तसाच किंवा साध्या हॅशने साठवणे धोक्याचे आहे. वेगळ्या गुप्त किल्लीने केलेला एचमॅक ठेवावा आणि तोही तासाभरात पुसला जावा.

## टप्पा ६: आयपी पत्त्यावरची सैल जाळी

आतापर्यंतच्या व्यवस्थेतून एक हल्ला सुटतो: प्रत्येक खात्यावर एक-दोनच अंदाज आणि खाती मात्र शेकडो. तो पत्त्याच्या बाजूने पाहिल्यावरच दिसतो. येथे चुकांची संख्या मोजू नये. अनोळखी उपकरणांवरून एका तासात किती निरनिराळ्या खात्यांवर चूक झाली, ते मोजावे. दुकानात चाळीस विद्यार्थी आले तरी त्यातले काहीच पासवर्ड चुकवतात. आमच्या जुन्या लॉगमधला सर्वात गजबजलेला तास पाहून मी ही मर्यादा वीस खाती अशी ठेवली. तुमचा आकडा तुमच्या मुदतीच्या दिवसाच्या लॉगवरून काढा, एरवीच्या शांत मंगळवारवरून नाही.

मर्यादा ओलांडली तरी पत्ता बंद करू नये, फक्त अनोळखी उपकरणांना कॅप्चा दाखवावा. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे एक पत्ता म्हणजे एक माणूस असे कधीच धरता येत नाही. आयपीव्ही६ मध्ये उलटी अडचण आहे. तिथे एकाच ग्राहकाकडे अगणित पत्ते असतात, म्हणून पूर्ण पत्त्याऐवजी पहिल्या ६४ बिटांचा गट मोजावा.

सावधान: पत्त्याचा मोजक यशस्वी लॉगिनने कधीही पुसू नका. तसे केल्यास हल्लेखोर दर काही अंदाजांनंतर स्वतःच्या खात्यात शिरून पाटी कोरी करून घेतो.

हल्ला शेकडो पत्त्यांवरून आला तर ही जाळीही पुरत नाही. त्यासाठी संपूर्ण पोर्टलवर दर दहा मिनिटांत किती निरनिराळ्या खात्यांवर चुका झाल्या, याची नोंद ठेवावी आणि ती नेहमीच्या कितीतरी पट झाली की सर्व अनोळखी उपकरणांना कॅप्चा लावावा. ओळखीच्या उपकरणांना यातले काहीही दिसू नये.

## टप्पा ७: संदेश आणि कार्यालयाची खिडकी

अस्तित्वात नसलेल्या प्रवेश क्रमांकालाही तीच मोजणी, तीच प्रतीक्षा आणि तोच संदेश मिळाला पाहिजे. खातेच सापडत नसल्याने तिथे अंतर्गत क्रमांक नसतो, म्हणून इंग्रजी अंकांत आणून स्वच्छ केलेल्या मजकुरावर मोजावे, आणि पासवर्डची एक खोटी हॅश-तपासणीही करावी, म्हणजे लागणाऱ्या वेळेवरून फरक कळणार नाही. विद्यार्थ्याला मात्र पुढे काय करायचे ते स्पष्ट दिसावे: ‘प्रवेश क्रमांक किंवा पासवर्ड जुळत नाही. ४ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा, किंवा पासवर्ड बदलण्याची लिंक मागवा.’ सर्व्हरने उत्तर `429` आणि `Retry-After` सह द्यावे. एनजिनएक्सचे `limit_req` वापरत असाल तर ते मुळात `503` देते, म्हणून `limit_req_status 429;` ही ओळ जोडावी लागते. लिंक मागवण्याचा मार्ग प्रतीक्षेतही चालू असला पाहिजे. त्याला दिवसाला ठराविक ईमेल एवढी स्वतःची मर्यादा असतेच.

खिडकीवरच्या लिपिकाला ‘खाते उघडा’ असे बटण देऊ नये. गर्दीत, फोनवर, जन्मतारीख विचारून ते दाबले जाते, आणि ती जन्मतारीख वर्गातल्या अर्ध्या मुलांना ठाऊक असते. त्याच्याकडे असावे ते फक्त नोंदणीकृत पत्त्यावर लिंक पाठवण्याचे बटण. ईमेलच बदललेला असेल तर महाविद्यालयाचे ओळखपत्र प्रत्यक्ष पाहून आधी तो बदलावा आणि त्याची नोंद राहावी.

## टप्पा ८: आधी नुसते पाहा, मग अडवा

सगळे लिहून झाल्यावर पहिले दोन आठवडे नियम कोणालाही न अडवता चालवावेत आणि ‘येथे अडवले असते’ एवढीच नोंद करावी. मग त्या नोंदींतून एकच प्रश्न विचारावा: ज्यांना अडवले असते, त्यांतले किती जण त्याच दिवशी त्याच उपकरणावरून बरोबर पासवर्डने आत आले? हे तुमचे खरे विद्यार्थी. त्यांची एकेक नोंद उघडून पाहावी. आमच्याकडे अशा नोंदींत दोन कारणे पुन्हा पुन्हा दिसली: जुना पासवर्ड जपून ठेवलेले ॲप, आणि मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला पासवर्डातला आकडा. पहिल्यासाठी पाचवा टप्पा आहे. दुसऱ्यासाठी पासवर्डाच्या चौकटीत ‘दाखवा’ हे डोळ्याचे चिन्ह दिल्यावर पुढच्या आठवड्यात त्या चुका नोंदींत क्वचितच आढळल्या.

नियम लागू केल्यावरही हीच नोंद रोज चालू ठेवावी, आणि परीक्षा अर्जाच्या शेवटच्या तीन दिवसांत ती दिवसातून दोनदा, सकाळी अकराला आणि दुपारी तीनला, कोणीतरी नेमून वाचावी, म्हणजे पाचच्या आत अडकलेल्याला लिंक पाठवायला वेळ उरतो.